तीन दुकानांच्या याद्या एकत्र करतेय. एकाच नंबरापुढे 'हो' पण आहे आणि 'नको' पण. कोणतं धरायचं?

कपाशीचं_बोंड
आमचं कृषी केंद्र राळेगावला आहे, कळंब आणि बाभुळगावला एकेक शाखा. बियाणं, खतं, फवारणीची औषधं. तिन्ही दुकानांच्या ग्राहकांच्या याद्या वेगवेगळ्या एक्सेलमध्ये आहेत, मिळून चारेक हजार नंबर. खरीपाचे मेसेज सुरू व्हायच्या आधी एकच यादी करायचं काम सासऱ्यांनी माझ्याकडे दिलंय.

प्रत्येक यादीत चार रकाने आहेत: नाव, गाव, नंबर आणि 'मेसेज: हो/नको'. याद्या एकाखाली एक ठेवल्यावर दिसलं की बरेच नंबर दोन-दोनदा आलेत, आणि काहींच्या बाबतीत राळेगावच्या यादीत 'नको' आहे तर कळंबच्या यादीत 'हो'. तारीख कुठेच नाही. राळेगावला काही कागदी फॉर्म आहेत सहीचे. बाभुळगावला एक वही आहे, त्यात "नको म्हणतात" असं लिहून नंबर लिहिलेत. शिवाय मेसेज बंद करायला एक मिस कॉलचा नंबर दिला होता, त्याची यादी वेगळी.

एक तर आत्ता यातून योग्य यादी कशी काढू? आणि पुढे असं होऊ नये म्हणून रकाने कसे ठेवू?

वणीचा_भाऊ
ताई, एवढं काहून डोकं खाता जी? डीएनडी असते ना. ज्याले नको त्याचा नंबर डीएनडीत राहते, कंपनी वरूनच मेसेज गाळून टाकते. तुमचं डीएलटी रजिस्ट्रेशन झालं असंन त बिनधास्त सगळ्यायले पाठवा. ज्याले जायचा त्याले जाईन.

बल्कवाला_यवतमाळ
भाऊ, गाळते हे खरं, पण निम्मंच. डीएनडीत तोच नंबर असतो ज्याच्या मालकाने स्वतः 1909 वर किंवा डीएनडी ॲपवरून कळवलंय. आपल्या काउंटरवर येऊन "मला मेसेज नको" म्हणणारा शेतकरी टेलिकॉम कंपनीला माहीतच नसतो. त्याचा नकार फक्त ताईंच्या वहीत आहे. ती वही बघितली नाही तर त्याला मेसेज जाणारच.

आणि डीएलटीवर नोंदणी म्हणजे तुम्ही कोण, तुमचं हेडर म्हणजे मेसेजवर दिसणारं पाठवणाऱ्याचं नाव कोणतं आणि मजकुराचा नमुना कोणता, याची नोंद. समोरच्याने हो म्हटलंय का, हे त्यातून सिद्ध होत नाही.

ताई, मी गेली बरीच वर्षं जिनिंग, पतसंस्था, कृषी केंद्रं यांचे बल्क मेसेज सांभाळतो. तुमचा घोळ 'हो/नको' या रकान्यातच आहे. त्या रकान्यात फक्त शेवटी कुणी काय टाईप केलं ते उरतं. त्याने कधी, कुठे, काय बघून हो म्हटलं ते पुसलं जातं. म्हणून तो रकाना काढून टाका आणि घडलेल्या प्रत्येक गोष्टीची एक ओळ लिहा. जुनी ओळ कधी बदलायची नाही, खाली नवी जोडायची. उदाहरणासाठी एकच नंबर घेतो, शेवटचे चार आकडेच दाखवतो:

```
नंबर,तारीख,घटना,कुठून,पुरावा
...4417,2023-06-12,हो,राळेगाव काउंटर,फॉर्म गठ्ठा 2 पान 31
...4417,2024-09-20,नको,मिस कॉल,सप्टेंबरची कॉल यादी
...4417,2025-05-05,बिल,कळंब काउंटर,बिल प्रत
```

या माणसाने 2023 च्या जूनमध्ये सही करून परवानगी दिली. पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये मिस कॉल देऊन बंद केलं. मग मे महिन्यात कळंबला बियाणं घेतलं, बिलासाठी नंबर सांगितला, आणि तिथल्या मुलाने नवा ग्राहक समजून 'हो' टाकलं. तुमच्याकडे जे 'हो' विरुद्ध 'नको' दिसतंय, त्यातलं बरंचसं असंच झालं असणार. बिलासाठी नंबर देणं म्हणजे जाहिरातीला परवानगी नव्हे. म्हणून तिसरी ओळ ठेवा, पण निर्णयाला ती धरायची नाही. शेवटची खरी घटना 'नको' आहे, त्याला मेसेज जाणार नाही.

पांदण_रस्ता
म्हणजे सरळ नियम असा ना की शेवटची तारीख जिंकते? मग एक्सेलमध्ये तारखेने सॉर्ट करून डुप्लिकेट काढले की काम झालं.

बल्कवाला_यवतमाळ
फक्त तारखेने सॉर्ट केलंत तर वरच्या उदाहरणात बिलाची ओळ जिंकेल, आणि तेच नको आहे. आधी 'बिल' सारख्या ओळी बाजूला काढा, उरलेल्या 'हो' आणि 'नको' मध्ये शेवटची धरा. 'हो' धरायचं तर पुरावा पाहिजे: सहीचा फॉर्म, सुरू करायला त्याने स्वतः केलेला मिस कॉल, काहीतरी. 'नको' ला पुरावा मागायचा नाही. बाभुळगावच्या वहीत तारीख नसेल तर तो नकार सगळ्यात नवा समजा. चुकून चार जणांना मेसेज गेला नाही तर चार गिऱ्हाइकं दुकानात येऊन विचारतील. उलटं झालं तर तक्रार होईल.

सॉर्टच्याही आधी नंबर एकसारखे करून घ्या. कुठे +91, कुठे पुढे शून्य, कुठे मधे जागा. एकच नंबर दोन तऱ्हेने लिहिला असेल तर एक्सेलला ते दोन माणसं वाटतात आणि एकाचा नकार दुसऱ्याला लागत नाही.

```
=RIGHT(SUBSTITUTE(SUBSTITUTE(A2," ",""),"-",""),10)
```

याने शेवटचे दहा आकडे उरतात. A म्हणजे नंबरांचा रकाना, तो आधी टेक्स्ट फॉरमॅटमध्ये ठेवा, सूत्राचा रकाना मात्र टेक्स्ट करू नका, नाहीतर सूत्र चालत नाही. आणि एका खान्यात दोन नंबर लिहिलेले असतील तर हे सूत्र गुपचूप दुसराच उचलतं, ते आधी डोळ्यांनी शोधून वेगळे करा. आपल्याकडे "मुलाचा नंबर" म्हणून दुसरा नंबर जोडायची पद्धत सर्रास आहे.

आर्वीचे_आजोबा
हा विषय काढला ते बरं झालं. मला रोज कर्जाचे आणि प्लॉटचे मेसेज येतात. एकदाही कुणाला परवानगी दिलेली नाही. कुठे वही ठेवायची असते ती सांगा म्हणजे मीही ठेवतो.

बल्कवाला_यवतमाळ
काका, ही वही पाठवणाऱ्याने ठेवायची असते, तुम्ही नाही. तुम्ही तुमच्या फोनवरून 1909 ला START 0 असा एसएमएस करा, सगळ्या प्रकारचे जाहिरातीचे मेसेज बंद करण्याची नोंद होते. त्यानंतरही आला तर 1909 वरच तक्रार करा, किंवा ट्रायच्या डीएनडी ॲपवरून. मेसेज आल्यापासून सात दिवसांच्या आत करा आणि मेसेज पुसू नका.

आर्वीचे_आजोबा
नातवाकडून करून घेतो. आभारी आहे.

दूध_संकलन
आमचं दूध संकलन केंद्र आहे, पशुखाद्यही विकतो. आम्ही मेसेजच्या शेवटी "बंद करण्यासाठी STOP लिहून पाठवा" असं टाकत होतो. वर्षभरात एकही STOP आलं नाही. मला वाटलं लोकांना मेसेज आवडतात. पण डेअरीवर येऊन दोन-तीन जण म्हणाले की आम्ही किती वेळा पाठवला, जातच नाही.

बल्कवाला_यवतमाळ
जाणारच नाही. बल्क मेसेज ज्या सहा खुणांच्या हेडरवरून येतो, तो फोन नंबर नसतो. त्याला उत्तर पाठवायचा प्रयत्न केला की मेसेज फेल होतो. एकही नकार येत नाही याचा अर्थ नकाराचा रस्ता बंद आहे, हेच आधी समजायचं. स्वतःच्या फोनवर तो मेसेज मागवून, त्यात लिहिलंय तसं करून बघा. आपण सुरू केलेली यंत्रणा आपणच एकदा वापरून बघत नाही, तिथे हे राहून जातं.

फेब्रुवारी 2025 मध्ये ट्रायने जाहिरातीच्या मेसेजबद्दलच्या 2018 च्या नियमावलीत दुरुस्ती केली. जाहिरातीच्या प्रत्येक मेसेजमध्ये बंद करण्याची सोय देणं त्यानुसार बंधनकारक आहे. हेडरच्या शेवटी -P लागतं ते पण त्यातूनच आलं. आपल्या गिऱ्हाइकाला लिंक उघडायला लावण्यापेक्षा मिस कॉल बरा, तो सगळ्यांना जमतो. पण मिस कॉलचा नंबर मजकुरात टाकायचा तर तो डीएलटीवर आधी मंजूर करून घ्यावा लागतो, लिंकसारखाच. नाहीतर मेसेज अडतो.

एक हिशेब सांगतो, कारण तिथेच दुकानदार काटकसर करतात. मराठी एसएमएस एका मेसेजमध्ये 70 खुणांचा, त्यात काना-मात्रा-अनुस्वार सुटे मोजले जातात. "संदेश नको? मिस कॉल:" आणि पुढे दहा आकडे, एवढ्यालाच 30 जातात. उरतात 40. त्यात दुकानाचं नाव आणि बियाण्याची खबर बसत नाही, म्हणून लोक ती ओळ कापतात. कापू नका. दोन मेसेजचे पैसे लागले तर लागू द्या.

कपाशीचं_बोंड
आमचा मिस कॉलचा नंबर म्हणजे दुकानातला एक जुना फोन आहे. रोज संध्याकाळी त्यातून नंबर उतरवून घेतात. हे चालेल?

बल्कवाला_यवतमाळ
चालेल, दोन गोष्टी पाळल्या तर. तो फोन फक्त बंद करण्यासाठीच असू द्या. काही दुकानं सुरू करायला आणि बंद करायला एकच नंबर देतात. मग मिस कॉल दिसतो, पण हो की नको ते कळत नाही. आणि रोज उतरवायचंच, सुट्टीच्या दिवशीही. फोनमधली कॉल यादी जुनं आपोआप पुसत जाते, हंगामात चार दिवस राहिलं तर आधीचे नकार दिसेनासे होतात. कॉलची वेळ पण लिहा, का ते पुढे सांगतो.

तुम्ही मेसेज कधी शेड्यूल करता?

कपाशीचं_बोंड
पॅनलवर आदल्या दिवशी दुपारी यादी चढवतो, मेसेज दुसऱ्या दिवशी सकाळी सुटतात.

बल्कवाला_यवतमाळ
इथेच गळती आहे बघा. दुपारी यादी चढली. संध्याकाळी सातला एकाने मिस कॉल दिला, तुमच्या माणसाने तो प्रामाणिकपणे वहीत लिहिला. सकाळी त्याला मेसेज गेलाच, कारण पॅनलवरची यादी कालची होती. त्याच्या दृष्टीने तुम्ही त्याचं ऐकलं नाही. नकार गाळायचा तो यादी बनवताना नाही, मेसेज सुटायच्या अगदी आधी. संध्याकाळचे कॉल उतरवून झाले की मग यादी चढवा, किंवा सकाळी चढवून लगेच सोडा. वेळ लिहिलेली असेल तर तक्रार आल्यावर सांगता येतं की त्याचा कॉल मेसेज सुटल्यानंतरचा होता की आधीचा.

पॅनलवर स्वतःची ब्लॉक यादी असते, तीपण भरा. पण तिच्यावरच विसंबू नका. सेवा देणारा बदलला की ती यादी त्याच्याकडेच राहते आणि नवीन पॅनलवर सगळे नंबर परत चालू. मूळ नोंद तुमच्याकडेच पाहिजे.

वणीचा_भाऊ
मी त म्हणतो ज्याले नको त्याचा नंबरच डिलीट मारा. राहिलाच नाही त जाईन कसा?

पांदण_रस्ता
भाऊ, परत येतो ना. पुढच्या बिलावर तोच नंबर नवा म्हणून चढतो, आणि तेव्हा त्याने नको म्हटलं होतं हे सांगणारं काहीच उरत नाही.

बल्कवाला_यवतमाळ
अगदी तेच. नाव, गाव, कुठलं पीक हे पुसलं तरी चालेल, नंबर आणि नकाराची तारीख ठेवावीच लागते. आणखी एक कारण: एकदा नकार दिला की त्याच ग्राहकाला "परत सुरू करू का" असं विचारायला 90 दिवस मनाई आहे. तो स्वतःहून आला तर कधीही सुरू करता येतं. पण तारीखच नसेल तर 90 दिवस मोजणार कुठून?

वणीचा_भाऊ
हे मले माहीत नव्हतं. बरं. पण मंग व्हॉट्सॲपवर काहून नाही जात तुम्ही? तिथं ना डीएलटी, ना हेडर. आमच्या इकडच्या दुकानदारानं ग्रुप बनवला, तीनशे शेतकरी हायेत.

चिखलदऱ्याची_वाट
असाच एक ग्रुप आमच्याकडे होता, त्यात मी होते. न विचारता टाकलं. माझा नंबर तीनशे अनोळखी माणसांना दिसला, आणि दोन आठवड्यांनी कोणीतरी फोन करून विम्याची पॉलिसी विकायला लागलं. बाहेर पडले तर दुकानदाराने परत ॲड केलं, त्याला वाटलं चुकून निघाले. शेतकरी बाईचा नंबर असा चव्हाट्यावर टाकायचा नसतो. ग्रुप करू नका, एवढंच सांगेन.

बल्कवाला_यवतमाळ
ताईंचं म्हणणं मनावर घ्या. ग्रुपऐवजी ब्रॉडकास्ट लिस्ट आहे, तिथे नंबर एकमेकांना दिसत नाहीत आणि ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज पोहोचतो. एका लिस्टमध्ये 256 पर्यंत. ट्रायचं डीएलटी व्हॉट्सॲपला लागत नाही हे बरोबर, पण व्हॉट्सॲपचं स्वतःचं बिझनेस धोरणही आधी परवानगी घ्या असंच सांगतं, आणि लोकांनी ब्लॉक केलं की तुमच्या नंबरावर मर्यादा येतात.

अडचण वेगळीच आहे. तिथे नकार व्हॉइस नोटमध्ये येतो, "नोका पाठवू भाऊ" असा. ती कुणी ऐकली तर ऐकली. आणि व्हॉट्सॲपवर नको म्हणणाऱ्याला एसएमएस चालू ठेवायचा का, यावर माझंही पक्कं मत नाही. मी दोन्ही बंद करतो.

दूध_संकलन
मी नाही करणार दोन्ही बंद. व्हॉट्सॲपवर फोटोने फोन भरतो म्हणून लोक नको म्हणतात. पशुखाद्याच्या दराचा एसएमएस त्यांना पाहिजे असतो.

बल्कवाला_यवतमाळ
मग 'नको' च्या ओळीत कशासाठी नको तेही लिहा, आणि त्याला विचारून लिहा. अंदाजाने नाही.

पांदण_रस्ता
माझा मुद्दा वेगळा आहे. आमच्या गावात घरात चार माणसं, फोन दोन. बापाच्या नावाने फॉर्म, नंबर मुलाचा, आणि फोन दिवसभर सुनेकडे. सही बापाची. मेसेज बंद करा म्हणून मिस कॉल येतो तो तिसऱ्याच नंबरावरून, कारण त्या फोनमध्ये बॅलन्स नाही. अशा वेळी परवानगी कोणाची आणि नकार कोणाचा?

बल्कवाला_यवतमाळ
नियमाच्या बाजूने बघितलं तर परवानगी नंबर वापरणाऱ्याची. कागदावर नाव वेगळं असलं तर मी फॉर्मवर "हा नंबर कोण वापरतं" असा एक प्रश्न ठेवतो. मिस कॉल तिसऱ्या नंबरावरून आला आणि तो नंबर यादीत नाही असं दिसलं, तर ती ओळ "न जुळलेला नकार" म्हणून वेगळी ठेवतो. त्या नंबरावर माणसाने फोन करून फक्त एवढंच विचारायचं, "कुठला नंबर बंद करू?" माल विकायचा एक शब्दही नाही. पण तो फोन उचलेलच असं नाही, आणि दहातले काही कायम न जुळलेले राहतात. याचं पक्कं उत्तर माझ्याकडे नाही.

नंबर हात बदलतात हेही लक्षात घ्या. बंद पडलेला नंबर 90 दिवसांनंतर कंपनी दुसऱ्याला देऊ शकते. 2019 ची सही असलेला नंबर आज कुणा नवख्याच्या खिशात असू शकतो. त्याने तुम्हाला कधीच हो म्हटलेलं नाही. ज्या नंबरावर दोन हंगामांत बिल नाही, त्यांना मी यादीतून बाहेर ठेवतो.

कपाशीचं_बोंड
अजून एक प्रश्न, तो सासऱ्यांचा. ज्यांनी 'नको' म्हटलंय त्यातले बरेच जण जूनमध्ये विचारतात, "डीएपी आलं तेव्हा कळवलं काहून नाही?" डीएपीची टंचाई असते, गाडी आली की दोन दिवसांत संपते. हा मेसेज जाहिरात आहे का?

वणीचा_भाऊ
जाहिरात कशाची त्यात, गरज हाये ती. पाठवाच जी.

चिखलदऱ्याची_वाट
मला तरी तो पाहिजे असतो. पण खतासोबत "याबरोबर हे औषध घ्या" असं लिहिलेलं नको असतं.

बल्कवाला_यवतमाळ
ताईंनी नेमकं धरलं. सेवेच्या मेसेजला विक्रीचं शेपूट लावलं की तो अख्खा जाहिरातीचा धरला जातो. नुसतं "डीएपी उपलब्ध" हेही, ज्याने मागितलेलं नाही त्याला पाठवलं तर, माझ्या मते जाहिरातच. तुमच्या सासऱ्यांना पटणार नाही, पण माल विकायलाच तो मेसेज आहे. मार्ग असा की फॉर्मवर दोन वेगळ्या चौकटी ठेवा: "खत आल्याची खबर" आणि "नवीन बियाणं-औषधांची माहिती". एक हो, एक नको, असं म्हणता आलं पाहिजे. नोंदवहीतही दोन वेगळ्या ओळी.

आणि एक मर्यादा आधीच सांगतो. जो नंबर डीएनडीत आहे, त्याची तुमच्या कागदावरची सही टेलिकॉम कंपनीला दिसत नाही. मेसेज तिथे गळणारच. त्यासाठी डिजिटल परवानगी आहे, ट्रायने 2023 मध्ये आणलेली: ग्राहकाला 127 ने सुरू होणाऱ्या कोडवरून विचारणा जाते, तो उत्तर देतो आणि ती नोंद टेलिकॉम कंपनीकडेच राहते. तुमच्या पॅनलवाल्याला विचारा तुमच्या खात्याला ती सोय चालू आहे का. नसेल तर अशा शेतकऱ्याला फोन करण्यावाचून इलाज नाही.

कपाशीचं_बोंड
दादा, सगळं वाचून काल रात्री पहिला हात फिरवला. नंबर एकसारखे केल्यावरच यादी बरीच आटली. खान्यात दोन नंबर असलेले वेगळे काढले. नकारवाले आधी बाजूला ठेवले, वही, मिस कॉल सगळे. उरलेल्यांत सहीचा फॉर्म सापडतो असे अर्ध्याहून कमी आहेत. बाकीच्यांपुढे फक्त 'हो' टाईप केलंय. त्यांचं काय? सासरे म्हणतात, एवढी वर्षं कुणी तक्रार केली नाही.

बल्कवाला_यवतमाळ
त्यांना मेसेज नको. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात, परवानगी घेतली होती हे सिद्ध करायची जबाबदारी धंदा करणाऱ्यावर आहे. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि धंदेवाल्यांसाठीच्या मुख्य अटींना अठरा महिन्यांची मुदत आहे, म्हणजे तुमच्या हातात वेळ आहे, फार नाही. फॉर्म मराठीतच करा, आणि देणं जितकं सोपं तितकंच परत घेणंही सोपं पाहिजे, हेही त्याच कायद्यात आहे. काउंटरवर सही घेता, तर काउंटरवर तोंडी नको म्हटलं तरी बंद व्हायला पाहिजे. अर्ज आणा, आधार दाखवा, असं काही नाही.

हे लोक मृगात तसेही दुकानात येणारच आहेत. तेव्हा विचारा.

चिखलदऱ्याची_वाट
एक करा ताई. बिल होऊन पिशवी हातात दिल्यावर विचारा. बिलाच्या आधी विचारलं, त्यात उधारी असली, तर समोरचा माणूस नाही म्हणत नाही. सही करतो आणि घरी जाऊन नंबर ब्लॉक करतो.

कपाशीचं_बोंड
हे सासऱ्यांनाही पटलं. कळंबच्या मुलाला सांगितलंय की बिलाच्या सॉफ्टवेअरमध्ये तो 'हो' आपोआप भरलेला असतो तो रिकामा ठेव. फॉर्मचा मजकूर दोन चौकटींचा करून उद्या इथे टाकते, कुणाला त्यात अडचण दिसली तर सांगा. न जुळलेल्या मिस कॉलचे सतरा नंबर निघालेत, त्यांना आज दुपारपासून फोन लावतेय.